नंबर नऊचा, पाय सातचा

मालवणच्या बाजारपेठेतलं चपला-बुटांचं एक दुकान. गौरी-गणपती होऊन दहा-बारा दिवस झालेले, चाकरमानी परतलेले, संध्याकाळचे सहा. मी तिथे गिऱ्हाईक म्हणून गेलो नव्हतो. दुकानदार माझे जुने स्नेही. मुंबईत माझी तीस वर्षं बुटांचे फर्मे आणि पॅटर्न करण्यात गेली, आता गावी आलो की संध्याकाळचा चहा त्यांच्या स्टुलावर बसून होतो. (फर्मा म्हणजे पावलाच्या आकाराचा लाकडी किंवा प्लास्टिकचा ठोकळा. बूट त्याच्यावर ताणून घडवतात, त्यामुळे बुटाच्या आतली जागा फर्मा ठरवतो, नंबर नव्हे.)

आलेला गृहस्थ सत्तेचाळीस वर्षांचा. तेराव्या वर्षापासून किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढलेला, पुढे ट्रॉलरवर खलाशी, मग कंबर धरली म्हणून समुद्र सोडून एका एटीएमवर राखणदार झालेला. नव्या ठेकेदाराने फर्मान काढलं होतं: एक तारखेपासून काळे, लेसचे, बंद बूट, नाहीतर हजेरी नाही. पाळी बारा तासांची, बरीचशी उभ्याने. आठ दिवस हातात होते.

"किती नंबर?" दुकानदारांनी विचारलं.

"नऊ."

पोऱ्याने नऊचे तीन खोके आणले. तिन्ही बूट पुढे लांब आणि निमुळते, लग्नाच्या फोटोत शोभतील असे. पहिला बूट चवड्यापर्यंत गेला आणि अडला. शूहॉर्न लावून टाच आत बसवली.

"लांबीक बरो आसा, पण हंय धरता." करंगळीच्या मुळाशी बोट.

"नवो आसा, सैल जातलो. चार दिस घाला."

"मागच्या वेळाक पण असाच सांगितलात, शेटानू."

"मगे धा नंबर देतंय."

दहाचा बूट आला. पाय आत गेला, पण दोन पावलं टाकताच टाच वर-खाली व्हायला लागली.

"ह्यात तर टाच नाचता."

"आत एक सोल घाला, बसतलो."

गृहस्थ खाली बसला, बूट काढून ठेवला आणि स्वतःच्या पायाकडे बघत म्हणाला, "जावंदे. माजो पायच फावड्यासारको. तुमी तरी काय करतलात?"

ह्या दहा मिनिटांत सहा बूट पायात गेले-आले, पण पाय कोणी हातात घेतला नाही. दुकानात जो एकुलता एक आकडा होता तो गिऱ्हाइकाने स्वतःच सांगितलेला, आणि पुढचं सगळं त्या आकड्याच्या भोवती फिरलं. दुकानदार माणूस खोटं बोलणारा नव्हे. त्यांचं "एक नंबर मोठा घ्या" हे मनापासूनचं उत्तर होतं. नेमकं तेच चुकीचं होतं, आणि का ते सांगण्यासाठी हे लिहितोय.

पाय कागदावर

मी मध्ये पडलो. घाऊक व्यापाऱ्याच्या जुन्या बिलाचा कोरा मागचा भाग जमिनीवर ठेवला, भिंतीला टेकवून. त्यांना त्यावर टाच भिंतीला लावून उभं केलं, भार दोन्ही पायांवर सारखा. बसून मोजलेला पाय लहान भरतो, कारण भार पडला की पाऊल पुढे आणि आडवं, दोन्ही बाजूंनी पसरतं. मग पेन्सिल उभी धरून कडेने रेघ काढली. पेन्सिल आत कलली तर पाय कागदावर अरुंद होतो, आणि आपण नेमकं ज्यासाठी मोजतोय तेच हरवतं.

उजवं पाऊल २५५ मिलिमीटर लांब, डावं २५२. अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापासून करंगळीच्या मुळाच्या सांध्यापर्यंत उजवीकडे १०९, डावीकडे १०७. शिंप्याची टेप त्याच दोन सांध्यांवरून चवड्याभोवती फिरवली, तेव्हा उजवीकडे घेर २६७ आला, डावीकडे २६३. संध्याकाळ होती हे बरंच झालं. दिवसभर उभं राहून पाय थोडा सुजतो, आणि बूट त्या सुजलेल्या पायालाच घालायचे होते.

दुकानदारांनी लांबीचा आकडा वाचला आणि चष्मा वर केला. "हो सात नंबर जालो."

सातच. फार तर सव्वासात. "मगे नऊ कोणी सांगितल्यान?" त्यांनी गृहस्थाला विचारलं.

उत्तर असं, की लग्नात. वीस वर्षांमागे लग्नाचे बूट घ्यायला गेला, सातचा अडला, आठचा अडला, नऊचा गेला. तेव्हापासून तो नंबर त्याचा झाला, जसं एखाद्याचं घरातलं टोपणनाव कायमचं होतं. मधल्या वीस वर्षांत जितक्या दुकानांत गेला तितक्या ठिकाणी नऊ म्हणाला आणि नऊच मिळाला.

आता हिशेब बघा. आपल्याकडे चालणारा नंबर मूळचा इंग्लंडचा. एक नंबर वाढला की लांबी तिसरा हिस्सा इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते. चवड्याचा घेर त्याच वेळी फक्त सहा मिलिमीटरच्या आसपास वाढतो, आणि सपाट रुंदी तर दोनच. मी हाताळलेल्या निमुळत्या सातच्या फर्म्यांचा घेर २४५ च्या आगेमागे असायचा. ह्या पायाचा २६७. म्हणजे बावीस मिलिमीटरची तूट. पाऊल थोडं दाबून घेतं, चामडं थोडं देतं, म्हणून त्यातले सहा-सात सोडून द्या. उरलेले पंधरा भरून काढायला नंबराच्या वाटेने गेलात तर अडीच नंबर चढावं लागतं, आणि लांबी तोवर वीस मिलिमीटरहून जास्त पुढे निघून गेलेली असते. नऊवर हा माणूस थांबला, तिथे घेर अजून थोडा कमीच होता आणि लांबी सतरा मिलिमीटर जास्त. दोन्हीकडून नुकसान, आणि दोन्ही अर्धवट असल्यामुळे "जरा चावता" एवढ्यावर वीस वर्षं निभावलं.

जास्त लांबीने काय बिघडतं? पुढे जागा मोकळी राहिली तर राहू दे, असं वाटतं. पण पाऊल चालताना एका ठरावीक जागी मोडतं, बोटांच्या मुळांशी. टाचेपासून मोजलं तर ती रेघ पावलाच्या लांबीच्या सुमारे ७२ टक्क्यांवर येते. बूटही त्याच्या फर्म्याप्रमाणे ७२ टक्क्यांवर मोडायचा असतो. सातच्या पायाला नऊचा बूट घातला की बुटाची मोडण्याची जागा पायाच्या मोडण्याच्या जागेच्या बारा मिलिमीटर पुढे जाते. बूट तिथे वाकायला बघतो, पाय इथे. ह्या ओढाताणीत टाच निसटते, वरच्या चामड्याची घडी सांध्यावर न पडता बोटांवर पडते, आणि बुटाचा सर्वांत रुंद भाग पायाच्या सर्वांत रुंद भागाशी जुळतच नाही. म्हणजे मोठा नंबर घेऊन जी रुंदी विकत घेतली, तीही चुकीच्या जागी मिळते.

जुना बूट काय सांगत होता

हे सगळं मोजण्याआधीच कळायला हवं होतं, कारण पुरावा दारात पडलेला होता. गृहस्थ आपले जुने बूट उंबऱ्याशी काढून आत आला होता. मी एक उचलून आणला. दुकानदारांना ते जरा किळसवाणं वाटलं असावं, पण जुना बूट वाचल्याशिवाय नवा देऊ नये ह्या मताचा मी आहे.

बाहेरच्या बाजूला करंगळीपाशी वरचा भाग तळाच्या कडेबाहेर लोंबला होता आणि तिथली चिकटवलेली जोड उसवली होती. अरुंद बुटाची ही पहिली खूण. वरून बघितलं की तळ दिसायला हवा, इथे तळ वरच्या भागाखाली लपलेला. दुसरी खूण टाचेच्या आत. अस्तर घासून आरपार गेलेलं, कारण टाच वीस-पंचवीस हजार वेळा तिथून वर-खाली झाली होती. तिसरी खूण सगळ्यांत बोलकी. बुटाच्या टोकात बोट घातलं तर तिथलं अस्तर नव्यासारखं कोरं. त्या जागेला पाय कधी लागलाच नव्हता. ज्या बुटाला चवड्यापाशी जागा पुरत नाही त्याच बुटाला टोकाशी दोन बोटं जागा ओस पडलेली असते, तेव्हा समजावं की नंबर मोठा आहे आणि फर्मा अरुंद.

पायावर तेच उलट बाजूने लिहिलेलं होतं. करंगळीच्या सांध्यावर जाड घट्टा. चौथ्या बोटाच्या आणि करंगळीच्या बेचक्यात एक मऊ, पांढुरकी भोवरी, जी बोटं एकमेकांवर दाबली गेल्यामुळे होते आणि घामाने ओली राहते. अंगठ्याचं नख काळं. नख टोकाला आपटून काळं होतं म्हणून लोक अजून मोठा बूट घेतात, पण सैल बुटात पाय पुढे घसरूनही ते आपटतं.

"मुंग्या येतत?" मी विचारलं.

"येतत. राती आठ वाजल्यार मधली बोटां बधिर. बूट काढलंय की जातंत."

जातात हे महत्त्वाचं. बूट काढूनही बधिरपणा राहत असता, तर विषय दुकानाचा राहिला नसता. साखर तपासली आहे का, विचारलं. नव्हती. बधिर पायाला चावणारा बूट कळत नाही आणि जखम मागाहून दिसते, म्हणून आधी ती तपासून घ्या एवढं सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्याने तपासली, ठीक निघाली.

पाय असा का, ह्याचंही त्याला उत्तर हवं होतं. फावडं हा शब्द त्याचा होता आणि तो शब्द त्याला बोचत होता. लहानपणापासून अनवाणी वावरलेल्यांचा चवडा बुटात वाढलेल्यांपेक्षा रुंद असतो हे अभ्यासांतही दिसलं आहे. तेराव्या वर्षी, हाडं अजून वाढत असताना, ओल्या वाळूत बोटं रोवून रापणीचा दोर ओढणाऱ्या पोराची बोटं पसरणारच. बोटं पसरली नसती तर तो वाळूवर टिकलाच नसता. वय आणि वजन वाढलं की पावलाची बांधणी सैल होऊन ते आणखी थोडं पसरतं. पाय बिघडलेला नव्हता. बुटाच्या कारखान्याने ज्याचा विचार केला नव्हता असा तो एक पाय होता.

"मी काय मुद्दाम अरुंद ठेवतंय?"

दुकानदारांना हे बोलणं लागलं. "मी काय मुद्दाम अरुंद ठेवतंय? येतत तेच ठेवतंय."

त्यांची बाजू ऐकण्यासारखी आहे. बूट त्यांच्याकडे सेटने येतात. एका डिझाइनच्या एका खोक्यात सहा ते दहा नंबरच्या ठरलेल्या जोड्या, मधले नंबर जास्त, टोकाचे कमी. त्यात रुंदीचा पर्याय नसतो. समजा प्रत्येक नंबर दोन रुंदींत ठेवायचा म्हटलं, तर फळी तेवढीच आणि भांडवल दुप्पट. वर कोकणातला धंदा हंगामी. जूनमध्ये शाळेचे बूट आणि पावसाळी प्लास्टिक, भाद्रपदात चाकरमानी, मग मे महिन्यातली लग्नं. लग्नाच्या गिऱ्हाइकाला टोकदार बूट हवा असतो, आणि उरलेलं वर्ष तोच टोकदार बूट फळीवर असतो.

त्याच्या मागे कारखान्याचं गणित. रुंद बूट म्हणजे नुसतं जास्त चामडं नव्हे. प्रत्येक नंबरासाठी वेगळे फर्मे, वेगळी कटिंगची डाय, आणि सगळ्यांत महाग म्हणजे तळाचा साचा. हल्लीचे बहुतेक तळ साच्यात ओतलेले असतात, आणि साचा एका नंबराला एका रुंदीचाच असतो. म्हणून कारखाना एक रुंदी पकडतो आणि सगळ्या पायांना तीच विकतो. इंग्लंडच्या पद्धतीत नंबराच्या शेजारी रुंदीचं अक्षर असतं, पुरुषांचा नेहमीचा बूट एफ किंवा जी, पुढे एच म्हणजे रुंद. आपण त्यांचा नंबर घेतला आणि अक्षर खोक्यावर यायचंच राहिलं.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ ह्या काळात देशातल्या ७९ ठिकाणी १ लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेतल्या पावलापेक्षा सर्वसाधारणपणे रुंद आहे असं त्यात आढळलं, आणि त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. हे मी सांगितल्यावर गृहस्थ पहिल्यांदा हसला. "म्हंजे एक लाख फावडी!"

फळीवरची झडती

आता ह्या दुकानात, आज, काय मिळू शकतं ते बघायचं होतं. मी काळ्या बुटांच्या आतला सुटा सोल काढून जमिनीवर ठेवायला सांगितलं. ज्यांचा चिकटवलेला होता त्यांच्यात पट्टी घालून मोजलं. गृहस्थ सोलवर उभा राहिला. बूट पायात कोंबून बघण्यापेक्षा हे सोपं, कारण इथे डोळ्यांना दिसतं. वरचं चामडं पावलाच्या कडांवरून वळून येतं, त्यामुळे पाय सोलबाहेर दोन्हीकडे थोडा आला तर चालतो. अर्ध्या बोटाएवढा आला तर नाही. पहिल्या तीन टोकदार बुटांच्या सोलवर करंगळी जवळजवळ पूर्ण बाहेर जमिनीवर होती. दुकानदार वाकून बघत राहिले. "ह्या मी आजपावतो कधी करूक नाय," म्हणाले.

मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते स्वतः माळ्यावर चढले. खाली आले ते धुळीचा खोका घेऊन. बंद झालेलं जुनं डिझाइन, गोल तोंडाचं, आठ नंबर, तीन-चार वर्षं पडून. सोलवर पाय बसला. बूट घातला, बसला. गृहस्थ दुकानभर चालून आला आणि त्याचा चेहरा बघून दुकानदारांनी किंमतही कमी केली.

मी बूट उलटा करून तळावर अंगठ्याचं नख दाबलं. नख रुतलं आणि कडेचा तुकडा भिजलेल्या खारी बिस्किटासारखा गळून पडला. हे कोकणातल्या प्रत्येक दुकानदाराने लक्षात ठेवावं. पॉलियुरेथेनचा, धंद्याच्या भाषेत पीयूचा, हलका फोमसारखा तळ हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातो. बूट वापरात नसला तरी तुटतो, आणि उष्ण, दमट किनाऱ्यावर लवकर. वरून बूट नवा दिसतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रस्त्यात तळ सुटतो. माळ्यावरचा पीयूचा जुना माल विकायच्या आधी नखाने दाबून, तळ हाताने वाकवून बघावा. चिकट लागला, भेगा दिसल्या किंवा भुसा पडला तर तो माल गेला. खोका परत वर गेला नाही, कचऱ्यात गेला. दुकानदारांनी त्या बाजूला बघायचं टाळलं.

शेवटी फळीवरच एक सापडला. आठ नंबर, गोल तोंड, साधा, जरा म्हाताऱ्यांचा वाटावा असा. त्याची लेस बांधायची पद्धत उघडी होती, म्हणजे लेसच्या दोन पट्ट्या पुढे शिवून बंद केलेल्या नाहीत, वरून बसवलेल्या आहेत. अशा बुटाला धंद्यात डर्बी म्हणतात. लेस सैल केली की दोन्ही पट्ट्या खऱ्याखुऱ्या उघडतात आणि पायाच्या वरच्या भागाला जागा मिळते. चवड्याला मात्र त्याने थोडीच मिळते, म्हणून डर्बी आहे एवढ्यावर विसंबू नये. इथे फर्माही रुंद होता, सोल चवड्यापाशी ९४ मिलिमीटर, टोकदार बुटांचा ८४.

आणि वरचं चामडं खरं होतं. ते महत्त्वाचं, कारण पुढचा उपाय ताणण्याचा होता. लेसच्या पट्टीची कापलेली कड बघितली: तंतू तंतू दिसले तर चामडं, कापडाच्या जाळीवर रंगाचा थर दिसला तर रेक्झिन. रेक्झिन ताणलं तर एक तर परत येतं नाहीतर तडकतं. "चार दिसांत सैल जातलो" हे वाक्य खऱ्या चामड्याबद्दल अर्धं खरं आहे. पहिले तीन बूट रेक्झिनचे होते, त्यांच्याबद्दल ते मुळीच खरं नव्हतं.

दोन रात्री आणि तीन आठवडे

बूट बाजारातल्याच चर्मकाराकडे गेले. त्याच्याकडे स्क्रूने उघडणारा लाकडी फर्मा होता. चवड्याचा भाग आतून पाणी-स्पिरिटने ओलसर करून फर्मा घातला, करंगळीच्या सांध्याच्या जागी चामड्याचा एक गोल तुकडा चिकटवून उंचवटा केला, आणि दोन रात्री ठेवला. दर काही तासांनी स्क्रूचा अर्धा फेरा. घाईने फिरवला की शिवण सुटते. फर्मा काढल्यावर घेर सात मिलिमीटर वाढलेला होता, दुसऱ्या सकाळी पाचच उरला. थोडं परत येतंच, ते धरून चालावं.

आठ नंबर घेतला म्हणजे लांबी अजूनही थोडी जास्तच. टाचेत आतून फोमची पट्टी लावली. पुढच्या जाड सुट्या सोलच्या जागी पातळ घातला, त्याने चवड्याला उंचीची जागा मिळाली. लेस बोटांच्या बाजूच्या पहिल्या भोकांतून ओवलीच नाही, दुसऱ्यापासून सुरू केली. हे फुकटचं काम आहे आणि रुंद पायाला त्याने लगेच फरक कळतो.

एक तारीख निभावली. पण ताणण्याची हद्द इथे संपते. ताणल्याने वरचं चामडं वाढतं, तळ वाढत नाही. महिनाभरात करंगळीची बाजू पुन्हा तळाच्या कडेवर झुकायला लागली. उभ्याने बारा तास काढणाऱ्याला त्याने पाऊल बाहेर कलंडल्यासारखं होतं.

म्हणून कागदावरची ती रेघ आणि घेर मी मुंबईत ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या एका जुन्या सहकाऱ्याकडे पाठवले. त्याने सातचा फर्मा घेतला, सात बरं का, आणि चवड्याच्या दोन्ही बाजूंना चामड्याच्या पट्ट्या चिकटवून, घासून घेर उजवीकडे २६२ वर आणला. पायापेक्षा पाच कमी, कारण नवं चामडं तेवढं देणार. टाचेला हात लावला नाही. रुंद चवड्याच्या माणसाची टाच बहुतेक वेळा साधीच असते, आणि मोठ्या नंबरात टाच नाचते ती म्हणूनच. तळ साच्याचा मिळणं शक्य नव्हतं, तो रबराच्या शीटमधून कापला. तीन आठवडे आणि २८०० रुपये. दुकानातला बूट १३०० चा होता. पैसे दोन हप्त्यांत दिले गेले. दुकानदारांनी मधले दोनशे आपले म्हणून ठेवले, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

पहिल्याच दिवशी डावा बूट सैल लागला. डावा पाय तीन मिलिमीटर आखूड आणि घेरातही चार कमी, हे कागदावर होतं, पण मुंबईला पाठवताना मी फक्त उजव्याचे आकडे ठळक लिहिले. चूक माझी. डाव्यात पातळ नमद्याचा तुकडा घालून ती निस्तरली.

माघात परत गेलो तेव्हा त्याला एटीएमवरच भेटलो. मुंग्या थांबल्या होत्या, बेचक्यातली भोवरी सुकून गेली होती, घट्टा पातळ झाला होता. नख अजून निम्मं काळं होतं. अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, त्याला वर्ष उलटावं लागेल. अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा जो किंचित उंचवटा आलाय, तो मात्र बुटाने जाणार नाही, फार तर वाढायचा थांबेल. हे त्याला आधीच सांगितलं होतं आणि पुन्हा सांगितलं.

दुकानात गेलो तर खोक्यांच्या झाकणांवर पेन्सिलीने आकडे: ८४, ८६, ९१, ९४. दुकानदारांनी पावसाळी माल सोडून सगळ्या आठ नंबरच्या सोलची रुंदी मोजून काढली होती. एकच नंबर आणि दहा मिलिमीटरचा फरक, त्यांनाही ते आधी ठाऊक नव्हतं. मी बसलो असतानाच एक बाई आल्या, बंद चपला मागितल्या. दुकानदारांनी नंबर विचारला नाही. कागद टाकला आणि म्हणाले, "वैनी, हंय उबे ऱ्हवा जरा, भितीक टाच लावन."

बाई गेल्यावर मी कौतुक करणार तेवढ्यात त्यांनी तक्रार मांडली. मागच्या महिन्यात एका कॉलेजच्या पोराचा पाय असाच नीट मोजून दिला, आकडे लिहून दिले. पोराने कागदाचा फोटो काढला, थँक्यू काका म्हणाला आणि बूट मोबाइलवर मागवले.

"मगे आता?"

"आता मोजतंय," ते म्हणाले, "पण कागद माज्या ड्रॉवरात ऱ्हवता."